C पासून निघालेली तुटक रेषा

दिवाळीनंतरच्या मंडईचे दिवस होते. गावोगाव मंडईची जत्रा भरत होती, रात्री नाटकं होत होती, आणि आमगावातल्या प्रत्येक बाईला नवं ब्लाउज मंडईच्या आधीच हवं होतं. ललिताच्या मशीनशेजारी सतरा ब्लाउजांची कापडं गठ्ठा होऊन पडली होती. ती बाही लावत होती, तेवढ्यात खिडकीपाशी बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, संघदीपनं, हाक मारली.

"ललिता, जरा येतेस?"

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. चहा हवा असला की त्याचा आवाज वेगळा असायचा, मोबाइल सापडत नसला की वेगळा. हा आवाज आकृतीचा होता. तिनं बाही तशीच सुईखाली सोडली आणि उठली.

संघदीप गावातल्याच एका कॉलेजात गणित शिकवायचा. दहा वर्षांपूर्वीपर्यंत तो फळ्यावर हातानं असं वर्तुळ काढायचा की पोरं तास सुरू व्हायच्या आधी येऊन बसायची. मग डोळ्यांचा आजार वाढला. आधी रात्रीचं दिसेना, मग कडेचं दिसेना, आणि नजर चहूबाजूंनी आवळत आवळत शेवटी रुपयाच्या नाण्याएवढी उरली. त्या नाण्यातून त्यानं एक वर्ष काढलं. सात वर्षांपूर्वी तेही गेलं. प्राचार्य भले माणूस होते. त्यांनी भूमिती आणि ग्राफ थिअरी हे आकृत्यांचे विषय तरुण लोकेश सरांकडे दिले आणि संघदीपकडे बीजगणित ठेवलं. "ते तोंडी होते ना सर," असं ते म्हणाले होते. म्हणणं खरंच होतं, म्हणून तर ते लागलं होतं.

कॉम्प्युटर मात्र त्याच्याशी बोलायचा. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज एका कानात घालून तो दिवस दिवस लिहीत बसे. आणि आकृती? तीही तो लिहूनच काढायचा. टिक्झ नावाची एक रीत असते. त्यात रेघ ओढायची नसते, सांगायची असते. अमुक बिंदू अमुक कोनात इतक्या अंतरावर ठेव, या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेषा काढ, इथे नाव लिही. ज्याला दिसत नाही त्याला सांगता तर येतंच. फक्त सांगितल्याप्रमाणे निघालं की नाही, हे पाहायला दुसऱ्याचे डोळे लागायचे. आधी ते पिंकीचे असत. पिंकी, त्यांची मुलगी, जुलैपासून नागपूरला होस्टेलमध्ये होती.

"लीलाधर सरांचा मेल आला होता," संघदीप म्हणाला.

"कधी?"

"परवा."

लीलाधर सर गणिताच्या शिक्षकांसाठी निघणाऱ्या एका त्रैमासिकाचे संपादक. संघदीपनं त्यांना लेख पाठवला होता. दोन दिवस त्यानं मेलचं नाव काढलं नव्हतं, म्हणजे त्यात काहीतरी टोचणारं असणार, हे ललिताला कळलं. त्यानं कळ दाबली आणि तो यांत्रिक आवाज खोलीभर वाचू लागला. लेख उत्तम आहे. सिद्धता स्वच्छ आहे. आकृतीत मात्र कोनांच्या खुणा भलतीकडून गेल्या आहेत. आपण त्रास घेऊ नये, इथे कुणाकडून तरी नवी आकृती काढून घेतो.

"मंग काढू द्या ना त्याइले," ललिता म्हणाली.

त्यानं मान हलवून नाही म्हटलं. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसली. "दाखवा. काय हाय ते?"

त्यानं पीडीएफ उघडली. "पिंकीनं फोनवर पाहिली होती. मस्त हाय म्हणाली होती. तू सांग. जसं दिसते तसं सांग."

ललिता बारावीपर्यंत शिकलेली. गणिताशी तिचं फारसं जमलं नव्हतं, पण बावीस वर्षं कापडावर खडूनं रेषा मारून तिची नजर पक्की झाली होती. खांदा कणभर उतरता असला तरी तिला लांबून कळायचं.

"खाली A हाय," ती म्हणाली. "त्याच्यातून तीन रेघा वर गेल्या, कळीवानी फाकून. डावीकडे B, मधात C, उजवीकडे D. C मधून एक तुटक रेघ खाली येते डाव्या बाजूनं. AB ले कापते. तिच्या टोकाले E."

"बरोबर. अन् कोन?"

"A च्या भोवताल बांगडी हाय."

"बांगडी?"

"पुरी गोल. अन् तो माश्यावानी अक्षर, अन् दोन पोटांचा, दोघंही खाली पडले A च्या पायापाशी. A चं नाव दिसूच नाही राहिलं त्याच्यात."

 संघदीप स्वतःशीच हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "बांगडी," तो म्हणाला. "एवढी मोठी बांगडी, अन् मी पाठवून दिली."

चूक काय झाली ते त्यानं तिला सांगितलं. कोन काढताना तीन बिंदूंची नावं द्यायची. त्यानं वहीत लिहितो तसं लिहिलं होतं: angle = B--A--C. पण टिक्झ नावं वाचून कोन ओळखत नाही. पहिल्या बिंदूपासून निघून घड्याळाच्या उलट्या दिशेनं तिसऱ्यापर्यंत चाप काढतो. B डावीकडे, C मधे. B पासून उलट्या दिशेनं निघालं की C गाठायला खालून सगळा फेरा मारावा लागतो. दुसऱ्या कोनाचंही तेच. दोन मोठे चाप एकमेकांवर बसून बांगडी झाली होती, आणि अल्फा, बीटा ही कोनांची अक्षरं चापांच्या मध्यावर, म्हणजे थेट खाली जाऊन पडली होती.

"अन् कॉम्प्युटर काही म्हणाला नाही?"

"त्याले काय म्हणायचं? हुकूम बरोबर होता. मी मागितलं ते त्यानं देल्लं."

त्याची बोटं कळफलकावर चालू लागली. कानातला आवाज बारीक ऐकू येत होता, बॅकस्लॅश, ब्रेस, सी डॅश डॅश ए डॅश डॅश बी. त्यानं क्रम उलटवला. आधी C मग B, आधी D मग C. पुन्हा पीडीएफ केली.

"आता?"

"आता बसले. मासा डावीकडे, B अन् C च्या मधात. दोन पोटांचा उजवीकडे. साजरं दिसते."

त्यानं लांब श्वास सोडला. ललिताला उठता आलं असतं. सुईखाली बाही होती. पण ती पडद्याकडे पाहतच राहिली. काहीतरी तिला खटकत होतं, जसं एखादं ब्लाउज मापात असूनही अंगावर चुकीचं बसतं तसं.

"हे कायचं चित्र हाय?" तिनं विचारलं.

पूर्वी तिनं हे कधी विचारलं नव्हतं. संघदीपनं मान तिच्या दिशेनं वळवली.

"असं समज, अंगणात दहा बाया उभ्या हायेत," तो म्हणाला. "सगळ्यात दूर उभ्या दोघींमधलं अंतर मोज. आता जेवढ्या जोड्या बरोबर तेवढ्याच दूर हायेत, त्या प्रत्येक जोडीत एक दोरी बांध. दोऱ्या किती होतील?"

"कितीबी होतील."

"नाही होत. दहा बाया तर दहापेक्षा जास्त दोऱ्या होतच नाही. शंभर बाया तर शंभर."

"काऊन?"

तो 'काऊन' ऐकून त्याचा चेहरा असा उजळला की ललिताला जुन्या दिवसांतला तो आठवला, सदऱ्यावर खडूची पूड घेऊन घरी येणारा.

"एक तर अशा दोन दोऱ्या एकमेकींले शिवल्याशिवाय राहत नाही. नाही शिवल्या, तर त्यांच्या टोकांमधी त्याहून लांब अंतर निघते. अन् लांब तर काही असूच शकत नाही, आपण सगळ्यात लांबच घेतलं होतं. आता प्रत्येकीच्या हाती दोनच दोऱ्या असल्या, तर हिशेब सोपा. एका दोरीले दोन टोकं, म्हणून दोऱ्या बायांपेक्षा जास्त नाही. पण एखादीच्या हाती तीन आल्या तर? ती A. तिच्या तीन दोऱ्या B, C, D कडे गेल्या. मधातली C. C च्या हाती दुसरी दोरी असती, तर तिले AB लेबी शिवा लागते अन् AD लेबी. एक डाव्या बाजूले, एक उजव्या. जमतच नाही. म्हणून C च्या हाती एकच दोरी. C ले घरी पाठव. एक बाई गेली, एक दोरी गेली. उरलेल्यांचं पुन्हा तसंच कर."

ललितानं ऐकलं. मग तिनं गळ्यातली मापाची पट्टी काढली आणि पडद्यावर लावली.

"काय करून राहिली?"

"थांबा." तिनं A पासून B पर्यंत मोजलं. मग A पासून D. "ह्या दोन्ही बारा." मग पट्टी आडवी धरली. "अन् B पासून D पर्यंत साडेपंधराच्या जवळ. तुमी तर म्हणता का दोरीपेक्षा लांब काही नाही. मंग B अन् D दोरीपेक्षा दूर कशा उभ्या?"

 संघदीपचे हात मांडीवर पडले.

"ऐंशी अंश," तो अगदी हळू म्हणाला. "B ले एकशे तीसवर ठेवलं, D ले पन्नासवर. अक्षरं मावली पाहिजे म्हणून. अन् लेखात तिसऱ्या ओळीत मीच लिहिलं, BAD हा कोन साठ अंशांपेक्षा मोठा असू शकत नाही." त्यानं डोळ्यांवर तळहात दाबले. "पाहता आलं असतं तर एका नजरेत दिसलं असतं. ललिता, मले एकदा पाहायचं होतं. फक्त एकदा, हेच एक चित्र."

सात वर्षांत तो असं कधी बोलला नव्हता. नजर गेली त्या वर्षीही नाही.  ललितालाही सात वर्षांत काही बोलायचं होतं. रोज तो विचारायचा, काय दिसते, आणि ती सांगायची, बिलावर काय आहे, आभाळ कसं आहे, आकृतीत काय आहे. ती स्वतः कशी दिसते हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. ही खोटी तक्रार आहे असं ती स्वतःला समजवायची आणि तरी ती तक्रार जात नसे.

"संपादकाले तर बांगडीच दिसली," ती शेवटी म्हणाली. "हे नाही दिसलं. दिसणारेबी काही सगळं पाहत नाही. करा दुरुस्त."

त्यानं केलं. B एकशे पंधरा अंशांवर, C नव्वदवर, D पासष्टवर, म्हणजे टोकाटोकांत पन्नास. जागा आकसली, म्हणून कोनाच्या चापाची त्रिज्या वाढवली आणि अक्षरं थोडी वर सरकवली. ललितानं पुन्हा पट्टी लावली. B पासून D पर्यंत आता दहा. पण ती थांबली नाही. तिनं E पासून D पर्यंतही मोजलं.

"हे पावणेचौदा! हेबी चुकलं."

या वेळी तो खरोखर हसला. "ते चुकलेलंच पाहिजे. E नाहीच हाय. समज E असती, असं म्हणून ती रेघ काढली. अन् ती असती तर ED सगळ्यात लांबपेक्षा लांब निघालं असतं. म्हणून ती नाही. म्हणून तुटक रेघ."

"जे नाही त्याचीबी आकृती काढतात?"

"काढावी लागते. त्याशिवाय ते नाही हे दाखवायचं कसं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी संघदीप कॉलेजात असताना ललिता आकृती पेन ड्राइव्हवर घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेली आणि लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर तिच्या दोन प्रती छापून आणल्या. मशीनच्या सुईतला दोरा काढला. रेषेवर कागद धरून तिनं पायडल हळू मारलं. सुई टिचटिच करत A पासून B पर्यंत गेली, बारीक भोकांची ओळ उमटली आणि मागच्या बाजूला त्या भोकांच्या कडा दाण्यांसारख्या वर आल्या. तिनं सगळ्या रेषा अशा पाडल्या. तुटक रेषेला जिथे तुटलेपण होतं तिथे ती सुई उचलायची. प्रत्येक बिंदूवर सुई सहासात वेळा जागच्या जागी मारली, म्हणजे तिथे जाड गाठ हाताला लागेल. सतरा ब्लाउजांतलं एकही त्या दुपारी पुढे सरकलं नाही. सुशिलाबाई ब्लाउज न्यायला येऊन रिकाम्या हातानं परत गेल्या आणि जाताना दोन शब्द बोलूनही गेल्या.

संध्याकाळी तो आला तेव्हा तिनं काही न सांगता त्याच्यासमोर कागद ठेवला आणि त्याचं बोट खालच्या गाठीवर नेलं.

"हा A."

त्याचं बोट आधी थांबलं. मग चालू लागलं. एका रेषेनं वर गेलं, गाठीपाशी थबकलं, परत आलं, दुसऱ्या रेषेनं गेलं. मग त्याच्या कपाळावर आठी आली.

"E उजवीकडे कसा?"

ललितानं जीभ चावली. दाणे मागच्या बाजूला उमटले होते, म्हणून तिनं कागद उलटा ठेवला होता, आणि उलट्या कागदावर डावं ते उजवं होतं. "थांबा, चुकलं माझं," ती म्हणाली. तिनं दुसरी प्रत घेतली, उलटी करून खिडकीच्या काचेवर संध्याकाळच्या उजेडात धरली आणि मागून दिसणाऱ्या रेषा पेन्सिलनं गिरवल्या. मग त्या बाजूनं सुई चालवली. आता दाणे छापलेल्या बाजूवर आले. हे सगळं होईपर्यंत तो तिच्या मशीनशेजारी स्टुलावर बसून होता, सुईचा आवाज ऐकत. "ही सरळ रेघ," तो मधेच म्हणे, "हा चाप," आणि ते बरोबर असे.

दुसरा कागद हातात आल्यावर त्यानं पुन्हा A पासून सुरुवात केली. बोटानं त्यानं दोन्ही चाप ओलांडले, B आणि D मधलं अंतर वीतभर पसरलेल्या बोटांनी जोखलं. शेवटी C वर आला आणि तुटक रेषेवरून खाली निघाला. दाणे, मग गुळगुळीत, मग दाणे. AB ओलांडली. E च्या गाठीवर बोट टेकवून तो तसाच राहिला. ललितानं पाहिलं, त्याचे डोळे मिटलेले होते. मिटण्याची गरज नव्हती, तरी.

"पाठवू का मंग?" त्यानं विचारलं.

"पाठवा."

त्यानं पाठवली. सोबत दोन ओळी लिहिल्या: आकृती मीच काढली आहे. मापं माझ्या पत्नीनं तपासली आहेत. लीलाधर सरांचं उत्तर त्याच आठवड्यात आलं. आधीच्या आकृतीतली BD ची गोष्ट त्यांच्याही नजरेतून सुटली होती, असं त्यांनी मोकळेपणानं लिहिलं होतं, आणि आकृती जशीच्या तशी घेत असल्याचं कळवलं होतं. प्राचार्यांना संघदीपनं ते पत्र दाखवलं. त्यांनी अभिनंदन केलं, पेढे मागवले. ग्राफ थिअरीचा तास लोकेश सरांकडेच राहिला.

अंक जानेवारीत पोस्टानं आला. ललितानं पाकीट फोडलं, पान शोधलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं तळहात पानावर फिरवला. गुळगुळीत कागद, कुठेही काहीच नाही.

"कुठं हाय?"

तिनं त्याचं बोट A वर ठेवलं. "इथं."

ते बोट तिथेच राहिलं. जिल्ह्याजिल्ह्यांतले शिक्षक हे पान उघडतील, त्यांना एका नजरेत सगळं दिसेल, आणि ज्यानं ते एकेक अंश सांगून उभं केलं त्याच्या हाताखाली फक्त कोरा कागद. ललिताला वाटलं, अंक ओढून घ्यावा आणि आत्ताच मशीनवर धरावा. पण ती हलली नाही. तिनं न विचारता सांगायला सुरुवात केली. A खाली, B डावीकडे वर, शाई काळी, अक्षरं ठळक, तुटक रेषा थोडी फिकट आली आहे. तो ऐकत होता.

ती थांबली तेव्हा तो म्हणाला, "अन् तू?"

"मी काय?"

"तू कशी दिसते आता? माझ्याजवळ सात वर्षांआधीची हाय. तीच पाहत असतो. ती चुकीची झाली असन."

 आकृतीचं सांगणं सोपं होतं. ललितानं कपाळावरून हात फिरवला, जणू स्वतःच आधी तपासून पाहत होती.

"केस पांढरे झाले," ती म्हणाली.

"किती? कुठून कुठपर्यंत?"

"भांगाच्या दोन्ही बाजूले. कानापर्यंत."

"अन् मंग?"

"डोळ्याखाली काळं झालं. चष्मा लागला, दोरा ओवाले." ती हसली. "गाल बसले थोडे."

खालच्या जबड्यातला एक दात मागच्या वर्षी पडला होता. तो तिनं सांगितला नाही. संघदीप मान किंचित कलती करून ऐकत होता. अंक मांडीवर उघडाच होता आणि त्याचं बोट अजून त्या पानावर होतं.

"हळू सांग," तो म्हणाला. "कपाळापासून सुरू कर."